वेगळ्या कागदावरचे आभार

“लेकीच्या गं केसांमंदी बोटं माझी हिंडत्यात,
सुटं गुंता, तशी तशी गाणी मला सुचत्यात.”

हा आवाज पंचवीस वर्षांपूर्वीचा. रविवारची सकाळ, पाटावर नऊ वर्षांची रुपाली आणि मागे तेलाची वाटी घेऊन आई. कॉलेजात गेल्यावर रुपालीनं केस कापले आणि ओवी थांबली. ती आपल्यासाठी होती, आपल्याबरोबर संपली, असं तिनं धरलं होतं. आज तीच ओवी तिला पत्रात दिसली. निळ्या शाईत, दुसऱ्याच मुलीच्या अक्षरात.

“थांबलीस का गं? वाच की,” आई, दुर्गाबाई, म्हणाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायला मनाई.

पत्र उत्कर्षाचं होतं. वर्ध्याची ही पोर. बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्याची, उत्तरेश्वरकाकांची मुलगी. फिजिओथेरपीच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात धायरीतल्या या घरात सहा आठवडे राहून गेली होती. पोचल्याचा मेसेज तिनं त्याच दिवशी केला होता. मग निकाल लागल्यावर, सवडीनं हातानं लिहिलेलं हे पत्र. तिला लाडू बांधून दिलेला डबाही रिकामा आला नव्हता. त्यात वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं होती आणि त्यावर घडी घातलेले दोन कागद.

पहिला कागद रुपालीनं मोठ्यानं वाचला होता. ‘ती. दुर्गाकाकू, शंभूदादा आणि रुपालीताई यांना सप्रेम नमस्कार.’ पास झाल्याची बातमी. मग एकेकाचे आभार. शंभूदादानं, म्हणजे रुपालीच्या भावानं, पावसापाण्यात रोज पावणेसहाला स्कूटरवरून स्टॉपपर्यंत सोडलं. रुपालीताईनं अर्धी खोली, कपाटातला खण दिला. परीक्षेच्या आठवड्यात तर स्वतःचा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसली. फुटलेल्या कपाबद्दल माफी. दिवाळीत सगळ्यांनी वर्ध्याला यायचं, आईबाबा वाट पाहताहेत. आणि शेवटी, ‘काकू, तुमचे आभार वेगळ्या कागदावर. आई म्हणते, ज्या हातचं जेवलो त्याला सगळ्यांच्या ओळीत बसवू नये.’

ही शेवटची ओळ रुपालीनं वाचली नाही. दुसऱ्या कागदावर नजर टाकली, तर पहिल्याच ओळीत तेल होतं, रविवार होता आणि ओवी होती. पुढचं तिनं पाहिलंच नाही. कागद ओढणीखाली सरकवला.

“संपलं,” ती म्हणाली.

दुर्गाबाईंनी विचारलं, “माजं काय न्हाई लिवलं?”

“आहे की. पहिलं नाव तुझंच आहे.”

“हां. मग झालं की.”

रुपालीला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. हिंजवडीहून कंपनीच्या बसनं साडेआठला घरी यावं, तर त्या दोघी हसत बसलेल्या, उत्कर्षाचं ताट उचललेलं. दाराशी चपला काढता काढता आपणच पाहुणे आहोत असं वाटायचं. सहा आठवडे तिनं ते गिळलं होतं. आता आईला कळेल, पाहुणी ती पाहुणीच.

दुर्गाबाईंनी लगेच उत्तर लिहायला सांगितलं. पत्राला पत्र गेलं पाहिजे, फोनवर उरकायचं नाही, ही त्यांची रीत. पास झाल्याचा आनंद लिहिला, शंभूचा आशीर्वाद लिहिला, कपाचं मनाला लावून घेऊ नको म्हणून लिहिलं. मग त्या चाचरल्या.

“आन् लिव, माज्या हातचं तिखट लागत आसंल तर तवाच सांगायचं हुतंस. म्हातारीचं काय चुकलं आसंल तर मनात धरू नगं.”

रुपालीचं पेन ‘म्हातारीचं’वर अडलं. आईचा चेहरा काळ्या चष्म्यामागे दिसत नव्हता. हनुवटी तेवढी हलत होती.

तिनं ओढणीखालचा कागद काढला. “थांब. आणखी एक कागद आहे. तुझ्या एकटीचा.”

आणि वाचू लागली. तेल, रविवार, ओवी. डब्यातली वाफाळती भाकरी. ताप आला त्या दिवशी कपाळावरून न हललेला हात. सगळं तिनं गाळणी न लावता वाचलं. पुढे तिला ठाऊक नसलेलं आलं.

‘काकू, तुम्ही मला सातलाच वाढायच्या, पण स्वतः कधी जेवला नाहीत. ताई येऊन जेवायला बसली की मगच आत तुमचं ताट व्हायचं. तिला सांगू नको म्हणालात, आपल्यामुळे उशीर होतो याचा तिला घोर लागेल. आईपण म्हणजे काय, ते मी तिथं पाहिलं. त्याचे आभार कसे मानतात, मला माहीत नाही.’

रुपालीनं कागद मांडीवर ठेवला. आईनं हात पुढे केला, कागद चाचपून पाहिला.

“चिकटला आसंल पयल्याला,” दुर्गाबाई म्हणाल्या. “हुतं आसं.”

वाट मोकळी होती. हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

“चिकटला नव्हता, आई. मीच लपवला,” रुपाली म्हणाली. “मला तिचा हेवा वाटत होता. ती आली त्या दिवसापासून.”