मंगळाचा सात तासांचा दिवस

रामकिसनला विद्यापीठाच्या आधी फुलंब्रीनं डॉक्टर केलं. स्टँडसमोर भला मोठा फ्लेक्स लागला: 'मंगळाचा चंद्र वाचवणारे फुलंब्रीचे सुपुत्र डॉ. रामकिसन यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांची चाळीसेक तोंडं, आणि सगळ्यांत मोठा फोटो त्याच्या सासऱ्यांचा, आप्पासाहेबांचा. मोबाइलवर तो फ्लेक्स पाहून माझं डोकंच फिरलं. मी त्याला फोन लावला.

"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! अरे, अजून प्रबंध माझ्या टेबलावर यायचाय."

"मी नाय लावला, मॅडम. आप्पासाहेबांनी लावला. रविवारी सत्कार बी ठेवलाय. तुम्हाला यावंच लागंल."

मी भौतिकशास्त्र विभागात शिकवते. नाव सगीरा, पण विद्यार्थी पाठीमागं मला 'मिरची मॅडम' म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. रामकिसन माझा शेवटचा संशोधक विद्यार्थी. चाळिशीला टेकलेला, दोन कॉलेजांत तासिकांवर शिकवणारा, रोज फुलंब्रीहून संभाजीनगरला ये-जा करणारा. पीएचडी झाली तरच कायमची नोकरी. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढ महिनाअखेरीला संपत होती. त्यानंतर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात.

त्याचा विषय फोबॉस, मंगळाचा आतला चंद्र. बटाट्यासारखा वेडावाकडा, पंचवीसेक किलोमीटर लांबीचा. मंगळ स्वतःभोवती एकदा फिरेपर्यंत हा गडी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून येतो, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. फोबॉसच्या ओढीनं मंगळाच्या अंगाला किंचित फुगवटा येतो. पण खडकाला फुगायला वेळ लागतो, तेवढ्यात फोबॉस पुढं निघून गेलेला असतो. फुगवटा मागं राहतो आणि मागून त्याला खेचत बसतो. खेचला गेला की तो खाली येतो, आणि खाली आला की उलट जास्तच वेगानं पळतो. वर्षाला जेमतेम दोन सेंटिमीटर, पण न चुकता. आपल्या चंद्राचं बरोबर उलटं आहे. पृथ्वी त्याच्यापेक्षा जोरात फिरते, फुगवटा त्याच्या पुढं राहतो, म्हणून आपला चंद्र दूर चाललाय.

फोबॉस काही कोटी वर्षांनी संपणार, हे पुस्तकात आहेच. तो मंगळाच्या इतका जवळ जाईल, की त्याच्या जवळच्या बाजूवरची ओढ आणि लांबच्या बाजूवरची ओढ यांतल्या फरकानंच तो फाटेल. तुकड्यांचं कडं होईल आणि तेही हळूहळू मंगळावर पडेल. रामकिसनच्या प्रोग्रामनं मात्र वेगळंच सांगितलं होतं: दोन-अडीच कोटी वर्षांनी फोबॉस मंगळाच्या केंद्रापासून नऊ हजार किलोमीटरवर थांबतो. पडतच नाही! प्रबंधात नवं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तेच स्थानिक पेपरात छापून आलं होतं.

मी आलेख पाहिले होते. सुरुवात मोजमापांशी तंतोतंत जुळत होती. तो का थांबतो, एवढंच मला पटत नव्हतं. शुक्रवारी दुपारी त्याला समोर बसवलं.

"थांबतो त्या वेळी मंगळाचा दिवस किती तासांचा असतो?"

त्यानं आनंदानं पडदा माझ्याकडं वळवला. "सात तासांच्या जरा वर, मॅडम. फोबॉसची फेरी बी तेवढीच. तेच तर कारण हाय! मंगळ त्याच्याएवढाच जोरात फिराय लागतो. मग फुगवटा मागं पडतच नाय, बरोबर त्याच्या खाली ऱ्हातो. ओढच संपली!"

युक्तिवाद बरोबर होता, अक्षर न् अक्षर बरोबर. म्हणूनच मी पुढचा प्रश्न विचारला.

"आज मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांचा आहे. तो सातवर कुणी आणला?"

"फोबॉसनं. त्यो जेवढा फिरण्याचा संवेग गमावतो, तेवढा मंगळाला मिळतो की."

"खडू घे. फोबॉसनं आपल्याजवळचा सगळाच्या सगळा दिला, तर मंगळाचा दिवस कितीनं लहान होईल?"

तो फळ्यापाशी गेला. हिशेब पाच ओळींचा. चौथ्या ओळीवर त्याचा हात मंदावला. पाचवी त्यानं लिहिली, आणि खडू हातातच राहिला. सेकंदाचा दहावा भाग.

मुंगीनं ढकलून बैलाला पळवलं, असं आमचा प्रोग्राम सांगत होता, आणि गाव त्याला हार घालायला निघालं होतं.

चूक सापडायला फार वेळ लागला नाही. एमएस्सीला त्यानं शनीच्या एन्सेलॅडस चंद्रावर काम केलं होतं, त्याचाच प्रोग्राम त्यानं फोबॉससाठी फिरवून घेतला होता. सगळीकडं आकडे बदलले, फक्त मंगळाला मिळणाऱ्या पिळाच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या जोराच्या, ओळीत जुनं वस्तुमान राहून गेलं. एन्सेलॅडसचं एक पूर्णांक आठ शतांश, फोबॉसचं एक पूर्णांक सात शतांश. पुढं दहाचा घात एकात वीस, दुसऱ्यात सोळा, म्हणजे दहा हजार पटींचा फरक. ओळखीच्या आकड्यांवरून नजर घसरत गेली, घाताकडं कुणी पाहिलंच नाही. त्यानंही नाही, मीही नाही.

त्यानं आकडा दुरुस्त केला, प्रोग्राम पुन्हा चालवला. रेघ खाली जात राहिली. नऊ हजारावर थबकलीसुद्धा नाही. उतरता उतरता आणखी तीव्र होत गेली आणि फोबॉस फुटतो तिथं संपली.

"मंगळाचं अंतरंग थंड धरलं तर?" त्यानं विचारलं.

"उशिरा पडेल."

"फोबॉस आतून भुसभुशीत धरला तर?"

"लवकर फुटेल."

 मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मॅडम, त्या ओळीकडं परीक्षक बघणार नाय. मंगळावर जाऊन दोन कोटी वर्षांनी कोण बघणार हाय?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं वाईट वाटलं. "मी बघितलंय," मी म्हणाले. "तूही. मी सही करणार नाही, रामकिसन."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. उरलेल्या दिवसांत नवं काही निघणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि शेवटची बस गाठायला गेला.

सत्कार रद्द कर म्हटलं, तर म्हणाला, "मांडव पडलाय. तिथंच सांगतो."

मी गेले. शाल, श्रीफळ, फेटा झाला. मग रामकिसन उभा राहिला आणि कसलाही आडपडदा न ठेवता बोलला. "माझा शोध चुकला. चंद्र थांबत नाय, त्यो पडणारच हाय. मी डॉक्टर नाय, आन् आता व्हणार बी नाय."  आप्पासाहेबांनी घाईघाईनं माईक घेतला. "बघा मंडळी! मोठी माणसं अशी नम्र असतात!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तीन जणांनी आणखी हार घातले. रामकिसन नाही नाही म्हणत होता, पण त्याचं ऐकतो कोण! मला त्या मांडवात ओरडावंसं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर त्याचे वडील पुंजाराम माझ्या खुर्चीजवळ आले. अख्ख्या मांडवात त्यांनी एकट्यानंच नीट ऐकलं होतं.

"मॅडम, खरंच पडणार व्हय त्यो?"

"हो, दादा."

"कुणालाच थांबवता येत नाय?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग शेजारी फेटा काढत उभ्या असलेल्या पोराकडं वळले. आवाजात राग नव्हता, खरोखरच कळून घ्यायचं होतं त्यांना.

"मंग सात वर्षं तू काय करत व्हतास रं?"

"बघत व्हतो, दादा," रामकिसन म्हणाला. "त्यो कसा पडतो ते."

 म्हाताऱ्यानं पोराच्या खांद्यावरची शाल काढून घेतली, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.