धोका कोणी पत्करायचा

विमा कंपनीतल्या हेडक्लार्कने चाळिशीत नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायचं ठरवलं आणि बायकोला घेऊन तो आर्थिक सल्लागार बाईंकडे गेला. बायको शाळेत गणित शिकवायची.

बाईंनी दोघांनाही एकेक प्रश्नावली दिली. "सहा महिने कमाई झाली नाही तर?" या प्रश्नापुढे त्याने ऐटीत 'मजेत राहीन' वर खूण केली. मग हळूच विचारलं, "खोडरबर मिळेल का?"

बाईंनी कागद वाचले. घरात दोन मुलं आणि त्याची आई. शिल्लक वर्षभराच्या खर्चाइतकी.

"एकाच्या पगारात निम्मा खर्च भागतो, म्हणजे दुसऱ्याला दोन वर्षं धडपड करता येईल," त्या म्हणाल्या. "ऐपत आहे. प्रश्न स्वभावाचा आहे."

"माझा स्वभाव धाडसीच आहे!"

"अहो, गॅस बंद केलाय का ते बघायला आज तीनदा जिना चढलात," बायको म्हणाली.

बाईंनी तिचा कागद उचलला. त्यावर खाडाखोड नव्हती. "तुम्हाला काही काढायचंय का?"

"शिकवणी वर्ग. पण मला कोणी विचारलंच नाही."

महिन्याभरात तिने शाळा सोडली. पहिल्या तिमाहीत चारच मुलं आली. ती निवांत जेवायची. तो जेवता जेवता पासबुकातली शिल्लक मोजायचा. ऑफिसात मात्र तो छाती फुगवून सांगायचा, "धोका पत्करायला जिगर लागते. आमच्या घरात आहे."