सत्यवानाजवळ राहिलेली कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. सावित्रीची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. त्या गोष्टीत मीही होते, पण माझं नाव कोणी घेत नाही.

आता मी मुलुंडला धोंडूकाकांच्या घरात, माळ्यावर असते. मग मी त्या गोष्टीत कशी, असं तुम्ही विचाराल. लोखंड मरत नाही. झिजलं की ते वितळवतात आणि पुन्हा ठोकतात. माझे दांडे किती बदलले ते मलाही आठवत नाही. आताचा खैराचा आहे. पण पात्यातलं लोखंड तेच आहे आणि ते काही विसरत नाही.

तेव्हा मी सत्यवानाची होते. त्याचे आंधळे वडील राज्य गमावून रानात राहत होते. सत्यवान रोज मला खांद्यावर टाकून फळं आणि लाकडं आणायला जायचा. त्या दिवशी सावित्री म्हणाली, "मीही येते." तिचा तीन दिवसांचा उपास होता. तो म्हणाला, "तू थकली आहेस, वाट अवघड आहे." तिने ऐकलं नाही. तो आज मरणार हे तिला नारदांनी आधीच सांगितलं होतं. त्याला आणि मला काहीच माहीत नव्हतं.

त्याने फळांनी टोपली भरली आणि लाकूड फोडायला घेतलं. चार-पाच घाव घातल्यावर त्याचा तळवा घामाने ओला झाल्याचं मला दांड्यातून कळलं. तो म्हणाला, "डोक्यात सुया टोचतायत." मी त्याच्या हातातून सुटले आणि गवतात पडले. सावित्रीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

मग ती एकदम थबकली. तिने त्याचं डोकं हळूच जमिनीवर ठेवलं, उभी राहिली आणि हात जोडून कोणाशी तरी बोलू लागली. मला तिथे कोणी दिसलं नाही. थोड्या वेळाने ती दक्षिणेकडे चालत गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

आत्तापर्यंत घाव घालणारा हात माझ्यापासून वीतभर लांब पडला होता आणि त्याचा रंग उतरत चालला होता.

यमाने काय विचारलं, तिने कसं उत्तर दिलं, सासऱ्याचे डोळे आणि राज्य कसं मागून घेतलं, शेवटी शंभर मुलांचा वर मागून त्याला कसं अडकवलं, हे सगळे सांगतात. मला सांगता येत नाही, कारण मी तिथे नव्हते. मी प्रेताजवळ होते. त्याच्या बोटांवर मुंग्या चढल्या. एक कोल्हा आला. माझ्या पात्यावर ऊन चमकत होतं, ते बघून तो थांबला आणि लांब बसून राहिला. मी हलू शकत नव्हते. नुसती चमकत राहिले.

ऊन गेलं तशी ती धावत आली. पुन्हा डोकं मांडीवर घेतलं. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "मी फार वेळ झोपलो का? उठवलं का नाहीस?" त्याला आधी फळांची टोपली आठवली. ती म्हणाली, "टोपली झाडाला अडकवते, उद्या ने. कुऱ्हाड मी घेते." एका हाताने तिने त्याला सावरलं आणि दुसऱ्या हातात मला घेतलं. यमाची हकिगत तिने घरी सर्वांना सांगितली, तेव्हा दाराशी टेकून मी ती ऐकली.

धोंडूकाकांच्या घरी मी कोकणातून आले. इथे लाकडं कुठली फोडायची? रत्नप्रभाकाकू माझ्या मागच्या बाजूने नारळ फोडायच्या. मला खोबरेल लावायच्या. काका हसायचे, "कुऱ्हाडीची वेणी पण घाल आता." काकू म्हणायच्या, "गंज चढता तिका. तुमका काय समजता?"

गेल्या वर्षी एका दुपारी काकूंनी नारळ हातात घेतला आणि मला खाली ठेवलं. "डोक्या लय दुखता. जरा पडतंय," म्हणाल्या. काका खाली बसले आणि त्यांनी काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. असंच वाक्य मी आधी रानात ऐकलेलं होतं. मला ओरडावंसं वाटलं.

मुलगा सिद्धेश गाडी आणायला धावला. शेजारी डॉक्टरला आणायला धावले. काका उठले नाहीत. सगळे परत आले तोवर काकू गेल्या होत्या. सिद्धेश दारातच म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसते बसून राहिलात?"

वर्षश्राद्ध झालं, तरी बापलेकांचं बोलणं 'जेवलात का' आणि 'हो' यापुढे गेलं नाही. मला माळ्यावर टाकलं गेलं आणि मी गंजले.

यंदा वटपौर्णिमेला सोसायटीच्या हॉलमध्ये सावित्रीचं नाटक होतं. ते बसवणारी गंधाली आदल्या दिवशी दारात आली. "काका, तुमच्याकडे कुऱ्हाड आहे ना? आमची पुठ्ठ्याची होती, तिच्यावर यम बसला."

"माझी खरी आहे. यमाला सांग, हिच्यावर बसू नको."

सत्यवान होणारा मुलगा तापाने पडला होता. गंधालीने सिद्धेशलाच उभं केलं. "तुला काय, मरून पडायचंय फक्त," ती म्हणाली आणि मग तिचीच जीभ अडखळली. सिद्धेश म्हणाला, "चालेल गं."

पात्याला फडकं गुंडाळून मी रंगमंचावर गेले. सिद्धेश डोकं धरून पडला. यम झालेला अल्पेश आला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "रेडा पार्किंगमध्ये लावला काय रे?" हॉल हसला. मग यम खाली उतरून खुर्च्यांमधून चालू लागला आणि सावित्री झालेली दिशा त्याच्यामागे. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. वर सिद्धेश आणि मी, दोघंच उरलो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काका उठले.

चपला काढून ते वर आले. खाली बसले आणि सिद्धेशचं डोकं मांडीवर घेतलं. यम वरदान देतादेता थांबला.

सिद्धेश डोळे मिटूनच पुटपुटला, "बाबा, काय करताय? नाटक चालू आहे."

"माहीत आहे. सावित्री परत येईपर्यंत बसतो. माणसाला एकटं टाकायचं नसतं."

सिद्धेशने डोकं उचललं नाही, उलट आणखी आत सरकवलं.

अल्पेश खालून हळूच म्हणाला, "काका, उठा ना. सावित्रीची एंट्री आहे."

"राहू दे," गंधाली म्हणाली.

दिशा आली आणि दुसऱ्या बाजूला बसली. आता 'मी फार वेळ झोपलो का' असं सत्यवानाने म्हणायचं होतं. सिद्धेशने डोळे उघडले. म्हणाला, "आईचं डोकं असंच धरलं होतं तुम्ही?"

"होय. तिने माझं बोट धरलं होतं. सोडवून कुठे जाणार?"

नाटक तिथेच संपलं.

घरी जाताना काका मला उचलायला वाकले. सिद्धेश म्हणाला, "तुम्ही चला. कुऱ्हाड मी घेतो." घरी त्याने काकूंची खोबरेलाची बाटली शोधली. मला फार तेल लावलं. काका म्हणाले, "अरे, तळायची नाहीये तिला."

मित्रांनो, सावित्रीची गोष्ट सांगाल तेव्हा तिच्या मागे जरूर जा. पण एकदा मागे वळून गवताकडेही बघा. कोणीतरी धावतं तेव्हा कोणीतरी जवळ बसलेलं असतं. त्याला 'नुसता बसलास' असं म्हणू नका. सावित्री परत आली तेव्हा सत्यवान जिथे होता तिथेच होता, कारण मी जवळ होते आणि कोल्ह्याने त्याला तोंड लावलं नव्हतं.