खालचा आकडा

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला अख्खं हॉस्पिटल दाजी म्हणायचं. बायको तिथेच सिस्टर, मेहुणा तिथल्याच लॅबमध्ये. मेहुण्याने एकदा कँटीनमध्ये "ओ दाजी!" म्हणून हाक मारली आणि त्या दिवसापासून मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते दाजी झाले. बिचाऱ्याचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

दाजींना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे, हॉस्पिटलच्या रिले टीममध्ये शेवटचा टप्पा गेली अकरा वर्षं त्यांचा. दुसरी म्हणजे, दिवसाला पंधरा सिगारेटी ओढूनही आपल्याला काही होत नाही, याचा पुरावा त्यांच्या खिशात असायचा. पेशंटच्या बोटाला लावतात ती ऑक्सिजन मोजायची क्लिप. कुणी सिगारेटवरून तोंड उघडलं की दाजी आपलं बोट त्यात घालायचे आणि समोरच्याच्या नाकाखाली धरायचे.

"वाच. किती? अठ्ठ्याण्णव! तुझे किती? सत्त्याण्णव? मग तू सुरू कर बाबा सिगारेट, एक टक्का कमी पडतोय तुला."

त्या क्लिपवर खाली आणखी एक आकडा असतो, नाडीचा. क्लिप धरताना तो त्यांच्या अंगठ्याखाली जायचा आणि त्याच्याकडे दाजी ढुंकूनही बघायचे नाहीत.

यंदा मात्र मेहुण्याने फाटे फोडले. स्पर्धेच्या आठवडाभर आधी मैदानावर चाचणी झाली. प्रत्येकी आठशे मीटर, म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. दाजी पहिली फेरी ऐटीत पळाले. दुसरीत पाचशे मीटरनंतर पायांत कुणीतरी वाळू भरावी तसे झाले. कसेबसे आले आणि दहा मिनिटं गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले.

"दाजी, शेवटचा टप्पा मला द्या," मेहुणा म्हणाला. "फायनलला पुन्हा अग्निशमनवालेच असणार. सहा वर्षं हरतोय आपण त्यांच्याकडून."

"बहीण दिली तेवढी पुरे झाली, आता अक्कल देऊ नको," दाजी धापा टाकत म्हणाले. बोट क्लिपमध्ये घातलं. "हे बघ. अठ्ठ्याण्णव!"

मेहुण्याने त्यांना सरळ लॅबमध्ये नेलं, दंडाला पट्टा बांधला आणि रक्त काढून मशीनमध्ये घातलं. मशीनने कागदाची पट्टी बाहेर टाकली.

"आठ टक्के," मेहुणा म्हणाला. "तुमच्या रक्तात प्राणवायूला बसायला शंभर खुर्च्या आहेत असं धरा. त्यातल्या आठ सिगारेटच्या धुरातल्या विषारी वायूने बळकावल्यात. तुमच्या क्लिपला खुर्ची भरलेली दिसते, बसलंय कोण ते कळत नाही. म्हणून अठ्ठ्याण्णव. आणि हा पाहुणा नुसता बसत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या प्राणवायूलाही पायांत पोचल्यावर चटकन उतरू देत नाही."

"मग उठवायचं कसं त्याला?"

"सोडायची. साध्या हवेत तो निम्म्यावर यायलाच चार-पाच तास लागतात. एक-दोन दिवस ओढली नाहीत तर बराचसा जाईल. फुप्फुसं सुधारायला मात्र महिने लागतील. ती काय, माझ्यासारखी लगेच ऐकणारी नाहीत."

दाजींनी मान डोलावली. घरी बायकोसमोर पाकीट कचऱ्यात टाकलं, तिने कौतुकाने बघितलंसुद्धा. दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी अँब्युलन्सच्या सीटखालचं राखीव पाकीट बाहेर आलं.

स्पर्धेच्या सकाळी दाजींनी डोकं लढवलं. अँब्युलन्समध्ये प्राणवायूचा सिलेंडर होताच! मास्क तोंडाला लावून डोळे मिटून बसले. दहाव्या मिनिटाला मागचं दार उघडलं. दारात बायको, तिच्यामागे मेहुणा.

"पेशंटचा ऑक्सिजन?" बायको म्हणाली. "लाज गुंडाळून ठेवलीत का हो?"

मेहुणा हसायला लागला. "दाजी, शुद्ध प्राणवायूवरसुद्धा तो पाहुणा निम्म्यावर यायला तासभर तरी लागतो. दहा मिनिटांत तो फक्त पाय पसरून बसलाय."

सकाळच्या फेरीत फार्मासिस्ट, आचारी आणि मेहुणा यांनी भरपूर आघाडी मिळवून दिली होती, म्हणून दाजी शेवटी लंगडत, धापा टाकत का होईना, दुसरे आले. पहिले दोन संघ फायनलला. फायनल दोन तासांनी. दाजींनी आनंदाच्या भरात स्टँडच्या मागे जाऊन एक ओढली. जरा मन शांत व्हावं म्हणून दुसरी.

पाऊण तासाने सगळे सावलीत बसले होते. मेहुणा, आचारी आणि फार्मासिस्ट केळी खात टिंगल करत होते. दाजींना मात्र केळं गिळवत नव्हतं. मांड्या दगड झाल्या होत्या आणि छातीत कुणीतरी दार ठोठावत होतं. सवयीने त्यांनी बोट क्लिपमध्ये घातलं. अठ्ठ्याण्णव. आणि आयुष्यात पहिल्यांदा नजर खाली घसरली.

एकशे अठरा.

"क्लिप बिघडली," ते म्हणाले आणि मेहुण्याचं बोट ओढून आत घातलं. वरती सत्त्याण्णव. खाली शहात्तर. आचाऱ्याचं बोट घातलं. ब्याऐंशी. आचारी तर त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि पोट सांभाळत पळालेला.

इतकी वर्षं हे यंत्र त्यांनी लोकांच्या नाकाखाली नाचवलं होतं, आणि खरं बोलणारा आकडा कायम त्यांच्याच अंगठ्याखाली होता. त्यांना भयंकर लाज वाटली. राग आला तो स्वतःचाच.

राखीव खेळाडू म्हणून यादीत बायकोचं नाव होतं. दरवर्षी असायचं, नियमाला पाचवं नाव लागतं म्हणून. ती वॉर्डातल्या ड्युट्या करून रोज पहाटे पळते, हे दाजींना माहीत होतं. ती पळायला निघायची तेव्हा ते गॅलरीत पहिली सिगारेट पेटवायचे.

ते उठले, आयोजकांच्या टेबलापाशी गेले आणि स्वतःच्या नावावर काट मारली. परत येऊन बायकोपुढे बॅटन धरला.

"शेवटचा टप्पा तुझा."

"आणि तुम्ही?"

"माझ्या खुर्च्या भरल्यात," दाजी म्हणाले. डोळे भरून आले होते ते त्यांनी घामावर ढकललं.

मेहुण्याने तिच्या हातात बॅटन दिला तेव्हा अग्निशमनचा ड्रायव्हर चार पावलं पुढे होता. दाजींचा जुना दोस्त आणि जुना वैरी, त्यांच्याच ब्रँडची सिगारेट ओढणारा. पहिल्या फेरीत तो आणखी पुढे गेला. दाजी कुंपणाला धरून ओरडत होते, "दम धर! पाचशेला येईल त्याच्याही पायांत वाळू!"

पाचशेला आलीच. त्याचे खांदे वर चढले, पाय आखडले. बायको त्याच लयीत पळत राहिली, शेवटच्या वळणावर त्याच्या बाजूने निघून गेली आणि मागे वळूनही बघितलं नाही. तिची वेळ दाजींच्या सकाळच्या वेळेपेक्षा नऊ सेकंदांनी कमी होती.

"दाजी, आता तुम्ही टीममधून गेलात कायमचे," मेहुणा म्हणाला. "ताईची वेळ बघितलीत का?"

"बघितली रे. पुढच्या वर्षी पहिला टप्पा मागेन. तोही मिळवून दाखवेन." खिशातलं राखीव पाकीट काढून त्यांनी बायकोच्या हातात दिलं. ती अजून उभी राहून श्वास घेत होती. तिने ते चुरगाळलं.

कुंपणापाशी अग्निशमनचा ड्रायव्हर गुडघ्यावर हात ठेवून वाकला होता. पाच मिनिटांनी त्याने कशीबशी मान वर केली आणि खिशात हात घातला.

"बायकोला उतरवलंस होय? चल, एक ओढू."

दाजींनी त्याचं बोट धरलं आणि क्लिपमध्ये घातलं.

"हे बघ, सत्त्याण्णव!" तो दात काढत म्हणाला.

दाजींनी त्या आकड्यावर अंगठा ठेवला.

"आता खालचा वाच."