पलीकडचा बिंदू

बारावीपर्यंतच्या गणितात चाळीस वर्षे माझा शब्द अखेरचा होता. निवृत्तीनंतर मी भोरच्या माझ्या घरी खेड्यातल्या एका मुलीला विज्ञान शाखेसाठी दोन वर्षे ठेवून घेऊ लागले. मे महिन्यात शिकवणी, जूनमध्ये चाचणी, पहिली येईल तिला जागा. नियम एकच: तपासलेल्या उत्तरावर हात वर करायचा नाही.

यंदा प्रेरणा एका गुणाने पहिली आली. गुंजवण्याची अश्विनी दुसरी.

नोव्हेंबरात प्रेरणा चाचणीतलेच उदाहरण वहीत सोडवत होती. y = 2x + 1 या रेषेत (5, 1) चे प्रतिबिंब काढायचे. रेषेचा चढ 2, म्हणून लंबाचा उणे एक द्वितीयांश. लंब रेषेला (1, 3) मध्ये छेदतो. तेच तिचे उत्तर होते आणि माझ्या उत्तरसूचीतलेही.

"बाई, गंमत बघा," ती म्हणाली. शाईचा ठिपका ओला असतानाच तिने कागद रेषेवर दुमडला होता. ठिपका (-3, 5) वर उमटला होता.

मी कागद हाती घेतला. (1, 3) तर रेषेवरच होता, लंबाचा नुसता पाय. तिथून तेवढेच अंतर पलीकडे जायचे असते. 'पायाशी थांबू नका' असे पिढ्यान् पिढ्या बजावणारी मी स्वतःच तिथे थांबले होते.

जूनचा गठ्ठा काढला. अश्विनीचे उत्तर (-3, 5). त्यावर माझी लाल फुली. दोन गुणांचे उदाहरण.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून मी गुंजवण्याला पोचले. अंगणात भात वाळत होते. तिची आई सखूबाई गडबडली. "बाई, तुमी? हितं?"

अश्विनी आतून आली. तिने वेल्ह्याला कला शाखा घेतली होती. तिथे गावातून रोज जाता येत होते.

मी पेपर पुढे केला. "तुझे बरोबर होते. माझे चुकले."

तिने पाहिलेही नाही. "ठाऊक हाय. मध्यबिंदू काढून बघितला व्हता. (5, 1) आन् (-3, 5) चा (1, 3) च येतो, रेषेवर."

"मग बोलली का नाहीस?"

"हात वर करायचा न्हाई, तुमीच म्हणला व्हता."

"अगं, बाईंशी असं बोलत्यात व्हय?" सखूबाई दटावून म्हणाली.

"बोलू दे तिला," मी म्हणाले. "अश्विनी, जूनमध्ये पुन्हा अकरावीला बस, विज्ञानाला. प्रेरणाही राहील, तूही राहशील. चाचणी नाही."

"वर्स जाईल की, बाई. आन् गणिताची वही म्या शेजारच्या शेफालीला दिली."

"वही मी देईन. येशील ना?"

ती खाली वाकून भात पसरू लागली.

"बघू, बाई."

माझ्या विद्यार्थिनी 'हो, बाई' म्हणत. 'बघू' मला आजवर कोणी म्हटले नव्हते.

पेपर तिने घेतला नाही. पिशवीत घालून मी परतीच्या एसटीसाठी फाट्यावर आले.