रेडिओ बंद ठेवायचा दिवस

आमच्या भागातल्या न्हाव्याला सगळे रेडिओ म्हणत. एकदा त्याच्याकडे दाढीला बसलेलं गिऱ्हाईक त्याची गोष्ट ऐकत राहिलं आणि उजवा गाल गुळगुळीत होईपर्यंत डाव्या गालावरची दाढी छातीला लागली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने सलूनमध्ये जाऊन खात्री करावी, ते गिऱ्हाईक बहुतेक अजून तिथेच असेल.

या माणसाला दिवसभर गप्प बसवायचं, असं आमच्या संस्थेने ठरवलं. वेड लागलं नव्हतं, वेळच तशी आली होती.

संस्था म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यावरच्या दोन खोल्या. ज्या म्हाताऱ्यांना आपलं घर, आपली मुलं आठवत नाहीशी झाली, त्यांना सकाळी तिथे आणून सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन जायचं. निवृत्त नर्स असलेल्या सिस्टरबाई ते केंद्र चालवत. भाडं इतकं थकलं होतं, की मालकाने महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करा म्हणून निरोप पाठवला. रेडिओची आईही तिथेच असायची. केंद्र बंद झालं तर तिला घरात कोंडून, बाहेरून कुलूप लावून सलून उघडावं लागणार होतं. असं एकदा केलं होतं, तेव्हा तिने दारावर डोकं आपटून घेतलं होतं.

देणगीचा डबा फिरवून आम्ही थकलो होतो. आम्ही दिसलो की लोक रस्ता ओलांडायला लागले होते. एक जण तर म्हणे आम्हाला चुकवता चुकवता शेजारच्या गावात पोचला आणि तिथेच त्याचं लग्न जमलं. म्हणून काहीतरी वेगळं करायचं ठरलं. जेवणाचा कार्यक्रम करावा, तर तिकिटांचे पैसे आचारी आणि मंडपवाला घेऊन जाणार. सोडत काढावी, तर परवानगी येईपर्यंत महिना उलटणार. चालण्याची स्पर्धा घ्यावी, तर आधी टोप्या आणि बनियन छापायला पैसे हवेत. मग सिस्टरबाईंनीच सुचवलं, की ज्याला खर्च काहीच नाही असं एक आहे: मौनाचा दिवस. एकाने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या गप्प बसण्यावर कार्डावर रकमा लिहून द्यायच्या.

गप्प कोणी बसायचं, यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

कार्डं भराभर भरली. रेडिओने ज्यांचे कान खाल्ले होते, त्यांनी तर सूड उगवल्यासारख्या रकमा लिहिल्या. सिस्टरबाईंचं म्हणणं होतं, की तासागणिक रक्कम ठेवा. मध्येच तोंड उघडलं तरी झालेल्या तासांचे पैसे हातात राहतील. पण रंगाच्या दुकानाचे शेठ आले आणि त्यांनी एकट्याने सहा महिन्यांचं भाडं निघेल एवढा आकडा टाकला. अट एकच. सलून उघडल्यापासून बंद होईपर्यंत एक शब्द नाही. शब्द निघाला तर दमडीही नाही. त्या आकड्याने आमचे डोळे असे दिपले, की सगळीच कार्डं नव्याने छापून आम्ही त्यांवर तीच अट घातली. सिस्टरबाई म्हणाल्या, "एकाच दोरीला सगळं टांगताय." आम्ही त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

ठरलेल्या दिवशी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पंच म्हणून निवृत्त हेडमास्तर घड्याळ घेऊन बसले. गिऱ्हाइकं येऊन मुद्दाम खोट्यानाट्या गोष्टी सांगत, कुणी क्रिकेटचा निकाल उलटा सांगे. रेडिओचे ओठ थरथरत, कानाच्या पाळ्या लाल होत, पण आवाज नाही. न बोललेले शब्द पोटात साचून त्याचा पट्टा एक भोक पुढे सरकला, हे मास्तरांनीही पाहिलं.

दुपारी शेठ स्वतः खुर्चीत बसले. म्हणाले, तुझ्या वस्तऱ्यापेक्षा माझ्या रंगाच्या ब्रशला जास्त धार आहे. रेडिओने हसून साबण फासला. एक गाल झाला. तेवढ्यात फोन वाजला.

आणि आम्हाला दरदरून घाम फुटला. रोज दुपारी जेवणाच्या वेळेला रेडिओ केंद्रात आईला फोन करत असे. मुलाचा चेहरा तिला ओळखता येत नव्हता. आवाज तेवढा ओळखता यायचा, आणि तो ऐकल्याशिवाय ती घास घेत नसे. ही गोष्ट केंद्रातल्या झाडूवाल्या मावशींपासून सगळ्यांना पाठ होती. विसरणाऱ्यांची काळजी घेणारे आम्ही, आणि बेत आखताना नेमकी हीच आमच्या ध्यानात राहिली नाही.

मी फोन उचलून स्पीकरवर टाकला. सिस्टरबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. त्या सांगत होत्या, की आजी खिडकीचे गज धरून उभ्या आहेत, सोडत नाहीत, हातातून रक्त येतंय. रेडिओचा जुना निरोप मोबाइलवर लावून पाहिला. आजींनी त्याला 'जेवलास का' म्हणून विचारलं, निरोपाने उत्तर दिलं नाही, आणि तेव्हापासून त्या जास्तच बिथरल्यात.

रेडिओने कात्री उचलली आणि फोनजवळ धरून कचकच वाजवली.

पलीकडून म्हातारी म्हणाली, "न्हावी नको मला. माझा मुलगा द्या."

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. त्याने शेठकडे पाहिलं. शेठ आरशात बघत होते.

"आई," रेडिओ म्हणाला, "जेवलो मी. तू जेव."

मास्तरांनी घड्याळ बंद केलं.

पुढे तो बोलतच राहिला. भाजीत मीठ कमी होतं, शेजारणीची मांजर व्यायली, संध्याकाळी येतो, गज सोड, सिस्टरबाईंच्या हाताला धर. वस्तरा त्याने केव्हाच बाजूला ठेवला होता. शेठच्या गालावर फेस वाळून पापुद्रे पडायला लागले, पण ते हलले नाहीत. शेवटी 'पहिला घास घेतला' असं सिस्टरबाई म्हणाल्या, तेव्हा रेडिओ जमिनीवर बसला.

शेठ उठले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी फेस पुसला, दाढीचे पैसे ठेवले, म्हणाले, "अट ती अट," आणि अर्ध्या दाढीनिशी भर रस्त्याने निघून गेले. त्यांच्यामागून बाकीची कार्डंही एकेक करून बाद झाली. चार-पाच जणांनी तरीही पैसे दिले. त्यात छापलेल्या कार्डांचा खर्च निघाला.

दुसऱ्या दिवशी शेठ थेट केंद्राचा जिना चढून आले. दाढी तशीच, अर्धी. सिस्टरबाई आजींच्या तळहाताची पट्टी बदलत होत्या, मी बाटली धरून उभा होतो. मला वाटलं, रात्रभर विचार केला असेल, चेक आणला असेल.

शेठ बराच वेळ दारातच घुटमळले. मग हळू आवाजात म्हणाले, की घरी वडील आहेत. गोदामामागच्या खोलीत. दुकान उघडायचं तर कडी लावून यावं लागतं.

"इथे एखादी जागा आहे का हो, बाई?"

सिस्टरबाईंनी पट्टीला गाठ मारली.

"आहे," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत."