अहवालात नाही, म्हणजे झालंच नाही

टीम लीडला सगळे पाठीमागे मुकादम म्हणत. कोड लिहिणं त्याने केव्हाच सोडलं होतं आणि इतरांच्या डोक्यावर उभं राहणं मनापासून धरलं होतं. तरी एक प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता, आणि त्याचं कौतुक तो लेकराच्या पहिल्या पावलासारखं सांगे. टीममधल्या कोणी काही बदल केला की तो मूळ कोडमध्ये घ्या म्हणून पुल रिक्वेस्ट टाकायची, असा नियम. मुकादमाचा प्रोग्रॅम रोज सकाळी नऊला उघड्या, म्हणजे निकाल बाकी असलेल्या रिक्वेस्टची यादी घेई, कालच्या यादीशी ताडून पाही आणि अहवाल पाठवी: नवीन काय आलं, मर्ज काय झालं, म्हणजे मूळ कोडमध्ये काय गेलं. अहवाल थेट मोठ्या मॅडमकडेही जाई. "काल दिवसभर खपलो हो," असं कोणी कुरकुरलं की मुकादम म्हणे, "अहवालात नाही, म्हणजे झालंच नाही."

त्या सकाळी अहवाल वाचून स्वारी खुर्चीतच उडाली. सीटची दुरुस्ती मर्ज! गिऱ्हाईक होतं एक बस कंपनी. दोन प्रवाशांनी एकाच क्षणी पैसे भरले की दोघांनाही तीच सीट मिळे आणि मग गाडीत जी जुंपे, तिचे व्हिडिओ कंपनीचे मालक मुकादमाला पाठवत. आज दुरुस्ती दिसली नाही तर काम काढून घेऊ, असं त्यांनी बजावलं होतं. मुकादमाने ताबडतोब फोन फिरवला. "चार वाजता या साहेब, डोळ्यांनी बघा. झालंय!"

मग त्याला वाटलं, आपणही एकदा बघावं. त्याने दोन लॅपटॉप मांडले, एका बाजूला टेस्टर, एका बाजूला स्वतः, आणि दोघांनी एकदमच बटण दाबलं. दोघांनाही खिडकीजवळची तीच सीट मिळाली.

मुकादम तरातरा मेहुणीच्या टेबलाकडे गेला. बायकोची ही धाकटी बहीण याच टीममध्ये होती, दुरुस्ती तिच्याचकडे होती, आणि त्याला न भिणारी ऑफिसात तेवढी एकच होती.

"काय मर्ज केलंस तू? सीट दोघांना मिळतेय!"

"मी कुठे मर्ज केलं? काल संध्याकाळी क्लोज केली ती, मर्ज न करताच बंद. फार गुंता झाला होता. नवीन लिहितेय."

"अहवालात मर्ज आलंय!"

"भाऊजी, तुमचा प्रोग्रॅम दाखवा बघू." तिने दोन मिनिटांत वाचून काढला आणि कपाळावर हात मारला. "कालच्या यादीत होती आणि आज नाही, की तुम्ही सरळ मर्ज लिहिता? अहो, रांगेतला माणूस दिसेनासा झाला म्हणजे त्याला तिकीट मिळालं असंच नसतं. कंटाळून घरीही गेला असेल. गेलेल्या प्रत्येक रिक्वेस्टचं काय झालं ते वेगळं विचारायला हवं."

मुकादम ओशाळला. महिनोन्महिने टाकून दिलेल्या कामावरही आपण शाबासक्या वाटल्या, हे त्याला आता उमगलं. पण शरमायला सवड नव्हती. त्याने निमूटपणे प्रोग्रॅम सुधारला आणि दुरुस्त अहवाल मॅडमना पाठवला.

जेवणाच्या सुट्टीआधी मेहुणीने नवी रिक्वेस्ट उघडली. दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय मर्ज करायचं नाही, हा नियम मुकादमाचाच, आणि तपासणारे दोघंही रजेवर. शेवटी त्यानेच बाह्या सरसावल्या. किती वर्षांनी तो कोड वाचत होता! डबा तसाच राहिला. घाम पुसत पुसत त्याने विचारलं, "एकाने सीट धरली आणि पैसे भरलेच नाहीत, तर ती तशीच अडकून राहील ना गं?"

मेहुणीने त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, "राहील. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

तिने ते नीट केलं, त्याने पुन्हा वाचलं, स्वतःच्या हाताने मर्ज केलं आणि लगेच टेस्ट सर्व्हरवर चढवलं. चार वाजता मालकांनी आणि त्यांच्या मुनीमाने एकदम बटणं दाबली. सीट मालकांना मिळाली, मुनीमाला नाही. काम राहिलं. मुकादमाला इतका आनंद झाला की त्याने मेहुणीला सगळ्यांदेखत हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तो नऊच्या आधीच येऊन बसला. आज पहिल्यांदा अहवालात त्याचं स्वतःचं काम येणार होतं. अहवाल आला. नवीन: काही नाही. मर्ज: काही नाही. क्लोज: काही नाही.

"अगं, मी मर्ज केलेली कुठे गेली?" तो ओरडलाच.

"काल नऊनंतर उघडली आणि कालच मर्जही झाली," मेहुणी मान वर न करता म्हणाली. "ना कालच्या यादीत, ना आजच्या. तुमचा प्रोग्रॅम दोन याद्याच बघतो. त्याला कशी दिसणार?"

तेवढ्यात मोठ्या मॅडमचा फोन आला. काल दिवसभर तुमची टीम काय करत होती, असं त्यांनी विचारलं.

"काल दिवसभर खपलो हो मॅडम," मुकादम काकुळतीने म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. पुढचं वाक्य मॅडमच्या आधी अख्ख्या टीमने म्हटलं.